लाल शाईचा शेरा आणि आपला मोघमपणा

प्राध्यापक मंडळींना एक सोपी सवय जडली आहे. निबंध हातात आला की दोन पानं चाळायची, समासात लाल शाईने एक आडवी रेघ ओढायची आणि तिच्याशेजारी लिहायचं : ‘भाषा बोली. शैली शैक्षणिक नाही. सुधारा.’ झालं काम. पगार पदरात. पोरगं वस्तीतल्या दिव्याखाली ती रेघ बघत बसतं. काय सुधारायचं? कुठला शब्द? का? रेघ बोलत नाही.

दोस्तांनो, मी गेली काही वर्षं आपल्या अभ्यासवर्गातल्या पोरापोरींचे निबंध वाचतो. कॉलेजात देण्याआधी ते माझ्याकडे येतात, कॉलेजातून लाल होऊन परत आले की पुन्हा येतात. म्हणून हे लिहितोय. मला दोघांशी भांडायचं आहे. एक, तो शेरा लिहिणारा मास्तर. दुसरा, शेरा वाचून ‘साला, आमच्या भाषेवरच यांचा डोळा’ असं म्हणत निबंध जसाच्या तसा गुंडाळून ठेवणारा आपला कार्यकर्ता. दोघंही एकच गफलत करतात. बोलीपणा आणि मोघमपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते दोघं त्यांची एकच मोट बांधतात.

मास्तराची जात जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या मराठीची टर उडवली, व्याकरणाच्या चुका मोजल्या. जोतीरावांनी विचारलेला प्रश्न मात्र तसाच उभा राहिला. चुका मोजणं सोपं असतं, प्रश्नाला उत्तर देणं अवघड. म्हणून भाषेवरचा शेरा बघितला की आपल्या माणसाचं पित्त खवळतं, ते उगाच नाही. पण जोतीरावांचीच दुसरी बाजू बघा. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. तिच्यात संवाद आहे, टोमणा आहे, शिवीला शेजार आहे. तेच जोतीराव १८८२ साली हंटर कमिशनपुढे शिक्षणाबद्दल निवेदन देतात तेव्हा सरकारला वाचता येईल अशा भाषेत, मुद्द्याला मुद्दा लावून, मागणीला मागणी जोडून देतात. माणूस तोच, राग तोच. समोर कोण बसलंय ते ओळखून हत्यार बदललं, इतकंच. याला कोणी शरणागती म्हणेल काय?

आता नुसत्या गप्पा नकोत, एक परिच्छेदच घेऊ. आपल्याच एका पोराने महाडवर निबंध लिहिला. त्यातला मधला तुकडा असा :

‘म्हणजे बघा, महाडला जे काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. त्या काळी आपल्या लोकांना पाणी भरू देत नव्हते वगैरे. मग सरकारने कायदा केला आणि तळं खुलं झालं, पण कोण ऐकतंय! शेवटी बाबासाहेब आले आणि खूप लोकांसोबत पाणी प्यायले. मग काय, सनातन्यांचं डोकं फिरलं आणि लोकांना मारहाण करण्यात आली. नंतर कोर्टात केस झाली आणि शेवटी न्याय मिळाला.’

मास्तराने या अख्ख्या तुकड्याभोवती कंस घातला आणि ‘अनौपचारिक’ असा एकच शब्द लिहिला. मी म्हणतो, तो शब्दही मोघमच आहे. निबंध मोघम आहे हे मोघम शब्दात सांगणारा माणूस शिकवतो काय?

चला, वाक्यावाक्याने जाऊ.

‘म्हणजे बघा’, ‘मग काय’, ‘कोण ऐकतंय!’ हा गप्पांचा भाग. समोर माणूस असला की हे शब्द उपयोगाचे. त्याने मान डोलवली की आपण पुढे जातो. कागदावर मान डोलवणारं कोणी नसतं. ओळखायची रीत सोपी : तो शब्द काढून वाक्य पुन्हा वाचायचं. अर्थातलं काही सांडलं नाही, तर तो शब्द गप्पांचा. ‘म्हणजे बघा’ काढा, काय सांडतं? काही नाही. मग काढा आणि पुढे चला. यात अपमानाचं काही नाही. भाषणातला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ आपण अर्जात लिहीत नाही, तसंच हे.

पण ‘कोण ऐकतंय’ काढलं की मात्र काहीतरी सांडतं. ठराव झाला तरी अंमल झाला नाही, ही गोष्ट त्यात आहे. म्हणून ते नुसतं पुसून चालत नाही, त्यातली गोष्ट काढून नीट मांडावी लागते. इथेच लाल रेघ मारणारा मास्तर नापास होतो. तो शब्दाबरोबर मुद्दाही पुसतो.

आता खरा रोग. ‘सरकारने कायदा केला.’ कोणता कायदा? झालं ते असं : ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले, म्हणजे आपले सीताराम केशव बोले, यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. ठराव आणि कायदा यांत फरक आहे. कायदा मोडला तर शिक्षा असते, ठराव शिफारस करतो. त्यानंतर १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा आपला ठराव केला. तोही कागदावर राहिला. आता सांगा, ‘कायदा केला’ हे दोन शब्द लिहून पोराने काय घालवलं? त्याचा सगळ्यात जोरदार मुद्दाच घालवला. ‘कायदा होता पण लोकांनी ऐकलं नाही’ यात लोकांचा अडाणीपणा दिसतो. ‘दोन ठराव झाले, अंमल कोणी केला नाही’ यात संस्थेची लबाडी दिसते. मोघम शब्दाने आरोपी बदलला.

पुढचं त्याहून वाईट. ‘नंतर कोर्टात केस झाली आणि शेवटी न्याय मिळाला.’ हे वाक्य मी वर्गात दहा जणांना वाचून दाखवलं आणि विचारलं, केस कोणी केली? बहुतेकांचं उत्तर : आपण. चूक! दावा लावला महाडच्या सवर्ण मंडळींनी, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. तळं खाजगी आहे आणि तिथे अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर जाऊन पाणी घेण्याचा बेत लांबवावा लागला. खटल्याचा शेवट मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला झाला. अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही, असं कोर्टाने ठरवलं. ‘शेवटी’ या तीन अक्षरांच्या पोटात जवळजवळ दहा वर्षं आहेत. आणि ‘केस झाली’ या दोन शब्दांनी प्रतिवादीला फिर्यादी करून टाकलं. हा भाषेचा नखरा आहे काय? ही इतिहासाची उलटापालट आहे. आणि ती आपल्याच लेखणीने.

‘केस झाली’, ‘मारहाण करण्यात आली’, ‘तळं खुलं झालं’ ही क्रियापदं बघा. करणारा गायब. मराठीत हे फार सोपं आहे, कारण ‘झालं’ आणि ‘करण्यात आलं’ यांना कर्ता लागत नाही. सरकारी परिपत्रकं, पोलिसांचे पंचनामे याच क्रियापदांवर जगतात. ‘लाठीमार करण्यात आला.’ कोणी केला? आभाळातून पडला? आपला पोरगा तीच सरकारी क्रियापदं उचलतो आणि त्याला वाटतं, आपण फार प्रौढ लिहिलं. मारहाणीचं वाक्य असं लिहायला पाहिजे : २० मार्च १९२७ ला तळ्यावरून लोक मंडपात परतले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा गावात उठली, आणि सवर्ण जमावाने मंडपावर व वाटेतल्या लोकांवर हल्ला केला. कोणी केला, कुठे केला, कशाच्या नावाखाली केला, सगळं आलं. आता ‘डोकं फिरलं’ लिहायची गरजच उरत नाही. तसंही ‘डोकं फिरलं’ म्हटलं की हल्लेखोराला वेडाची सवलत मिळते. अफवा उठवून जमाव जमवणारा वेडा नसतो.

राहिलं ‘खूप लोक’. किती? परिषदेला आलेल्यांचे आकडे निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे सापडतात. मग एक आकडा घ्यायचा आणि तो कोणाचा ते तिथल्या तिथे सांगायचं : ‘अमक्याने इतके सांगितले आहेत.’ आकडा सापडत नसेल तर ‘कोकणातल्या गावोगावचे प्रतिनिधी’ असं जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं. ‘खूप’ हा शब्द निबंधात म्हणजे तोंडात मीठ धरून बोलल्यासारखं. ‘वगैरे’ त्याचाच भाऊ. ज्या पोराला ‘वगैरे’त काय काय येतं ते सांगता येतं, त्याला ‘वगैरे’ लागत नाही. ज्याला सांगता येत नाही, तो ‘वगैरे’ लिहितो. आणि ‘सगळ्यांनाच माहीत आहे’? माहीत असतं तर मार्चची गोष्ट आणि डिसेंबरची गोष्ट आपल्याच पोरांनी एकत्र शिजवली नसती.

‘आपल्या लोकांना’ हा शब्द वेगळा आहे. या पानांवर तो बरोबर. तुम्ही वाचताय, मी लिहितोय, कोण आपले ते दोघांना कळतं. परीक्षकाच्या टेबलावर तोच शब्द मोघम होतो, कारण तिथे वाचणारा ‘आपल्या’त आहे की नाही हे कोणी ठरवलेलं नाही. तिथे ‘अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती’ लिहा. शब्द एकच, एका जागी नेमका आणि दुसऱ्या जागी मोघम. भाषा जागेवर ठरते ती अशी.

एवढं झाल्यावर तुम्ही विचाराल, मग मास्तर बरोबरच होता की! थांबा. मास्तराने सुधारून दाखवलेलं एक वाक्य त्याच निबंधाच्या समासात आहे. ते वाचा : ‘सामाजिक विषमतेच्या पार्श्वभूमीवर जलस्रोतांच्या वापरासंदर्भात संघर्ष उद्भवला.’ वा! शाल पांघरून बसलेलं वाक्य. यात तळं नाही, महाड नाही, तारीख नाही, माणूस नाही. ‘उद्भवला’! भिंतीवर बुरशी उद्भवते तसा संघर्ष उद्भवला. पोराच्या ‘पाणी भरू देत नव्हते’ यात निदान अडवणारा कोणीतरी होता, पाणी होतं, भांडं होतं. मास्तराच्या वाक्यात काहीच उरलं नाही. पोराचं वाक्य बोलीतलं मोघम, मास्तराचं संस्कृतातलं मोघम. दुसऱ्याला मार्क मिळतात, एवढाच फरक. म्हणून सांगतो, जड शब्द म्हणजे शैक्षणिक भाषा नव्हे. ज्या वाक्याला ‘कोणी, केव्हा, किती, कशावरून’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ते वाक्य शैक्षणिक. मग ते ‘तळ्या’ला तळंच म्हणेना का.

याचा दाखला कोलंबियातला आहे. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यांनी सुरुवातीला काय केलं? जात हा शब्द कसाही वापरला नाही. सेनार, नेस्फील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या, प्रत्येकीत काय उणं आहे ते दाखवलं, आणि मग आपला मुद्दा धरला की जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. पुढे सबंध निबंधभर तो शब्द त्याच अर्थाने वापरला. शब्द ठरवून घेणं आणि ठरवलेल्या अर्थाला जागणं, हे शैक्षणिक लिहिणं. आणि हाच माणूस १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढतो, तेव्हा गिरणीतल्या, गावकुसाबाहेरच्या माणसासाठी मराठीत लिहितो.

आता ‘झालं’ की ‘झाले’ याचा झगडा एकदाचा मिटवू. शुद्धलेखनाच्या नियमात माणूस बोलतो तिथे ‘झालं, केलं, तळं’ लिहायची मुभा आहे, बाकी लिखाणात ‘झाले, केले, तळे’. विद्यापीठात दुसरं चालतं. हा निव्वळ संकेत आहे. त्यात शहाणपण नाही नि पापही नाही. निबंध संपल्यावर अर्धा तास बसून सगळी रूपं एका वळणाची करा. मात्र मास्तराने या अर्ध्या तासाच्या कामाला ‘भाषा कच्ची’ म्हणू नये. आणि जी म्हातारी मुलाखतीत ‘आमास्नी वरूनच पाणी वतायचे’ असं सांगते, तिच्या तोंडचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं राहील. तो पुरावा आहे. पुराव्याला इस्त्री करत नाहीत.

म्हणून माझी पद्धत सांगतो. कोणाचाही निबंध हातात आला की मी शेऱ्यांचे तीन ढीग करतो.

पहिला ढीग बोलीचा. गप्पांचे शब्द, ‘झालं’–‘झाले’ची सरमिसळ. इथे शब्दाखाली बारीक रेघ पुरे. बोलणं नको.

दुसरा मोघमपणाचा. इथे रेघ चालत नाही, इथे प्रश्न लिहावा लागतो. ‘केस कोणी केली?’ ‘कोणता ठराव, कोणाचा?’ मी उत्तर लिहून देत नाही, कारण उत्तर मी लिहिलं की निबंध माझा झाला. आणि एका वेळी तीनच प्रश्न. वीस प्रश्न लिहिले की पोरगं कागद फाडून टाकतं. तीन लिहिले की ते ग्रंथालयात जातं. कुठले तीन? ज्यांच्या उत्तराने अर्थच पालटतो ते. ‘केस कोणी केली’ पहिला. ‘खूप’ म्हणजे किती, तो नंतर.

तिसरा ढीग माघारीचा. मास्तर म्हणतो, ‘हल्ला’ हा शब्द भावनिक आहे, ‘तणाव निर्माण झाला’ लिहा. हा शेरा भाषेचा वेष घेऊन आलेला असतो, आणि मागत असतो मुद्दाच. याला एकच उत्तर : नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणातला काही मजकूर गाळायला सांगितला, तेव्हा स्वल्पविरामही बदलणार नाही असं त्यांनी कळवलं आणि भाषण स्वतः छापलं. पण लक्षात ठेवा, ज्याचं प्रत्येक वाक्य पुराव्यावर उभं असतं, त्यालाच स्वल्पविरामासाठी भांडता येतं. ‘खूप’ आणि ‘वगैरे’साठी कोण भांडणार?

त्या पोराने पुन्हा लिहिलं ते असं : ‘मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ मध्ये आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केले, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांसह तळ्यावर गेले व पाणी प्यायले. देवळात घुसण्याची अफवा उठवून सवर्ण जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात सवर्णांनी डॉ. आंबेडकर व सहकाऱ्यांवर दावा लावला. तो १९३७ साली हायकोर्टात फेटाळला गेला.’

एकही जड शब्द नाही. लांबी थोडी वाढली. राग कमी झाला का? मला तर वाढलेला दिसतो. नगरपालिकेने ठराव मागे घेतला ही गोष्ट पहिल्या मसुद्यात नव्हतीच. ‘कोण ऐकतंय’चा पिच्छा पुरवताना ती पोराला सापडली.

तेव्हा मास्तरांना सांगणं एवढंच : रेघ मारायची तर तिच्यापुढे प्रश्न लिहा, नाहीतर लाल शाई दौतीतच राहू द्या. आणि तुम्हाला सांगणं : पुढच्या वेळी निबंधात ‘झाली’, ‘आली’, ‘करण्यात आलं’ दिसलं की थांबा, आणि विचारा – कोणी?